किल्ली कुठे होती, त्याचा जबाब

माझी स्कूटर चोरीला गेली ती लग्नात. लग्न माझं नव्हे, आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं, पाथर्डी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. आता लग्नाला गेलेल्या बाईची स्कूटर चोरीला जाते यात सांगण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. सांगण्यासारखं पुढेच आहे.

आधी स्कूटरबद्दल बोलते, म्हणजे माझा जीव कुठे अडकला होता ते कळेल. हे गेले तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. हे इथल्या लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि घरातली दोन चाकं कायम त्यांच्या हातात. मी मागे बसायची. ते गेल्यावर मागे बसायला पुढे कोणी राहिलं नाही. बँकेत जायचं तर रिक्षावाल्याला विचारा, दवाखान्यात जायचं तर भाच्याला विचारा, चिचोंडीला बहिणीकडे जायचं तर पुण्याच्या पोरानं फोनवर सोय लावायची वाट बघा. सहा महिने अशी विचारत राहिले आणि एक दिवस कंटाळून बिनगिअरची स्कूटर घेतली. भिंगारच्या छावणीत रविवारी रस्ते मोकळे असतात, तिथे शिकले. दोनदा पडले. दोन्ही वेळा एकाच झाडाखाली.

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. हे इतकंच. माणसाला कुठे जायचं ते सांगावं लागत नाही, ही काय चीज आहे ते ज्याला सांगावं लागलंय त्यालाच कळेल.

तर लग्न. मी आणि माझी शेजारीण, दोघी स्कूटरवर गेलो. शेजारीण म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेल्या सुभेदारांची बायको. सुभेदार फौजेत कारकून होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून भाजी आणायला निघाले तरी वेळ सांगून निघतात. कार्यालयाबाहेर गाडी लावली, हँडल लॉक केलं, अक्षता टाकल्या, जेवलो. जिलबी चांगली होती. बाहेर आलो तर गाडीच्या जागी दुसरीच मोटरसायकल उभी. शेजारीण म्हणाली, तू तिकडं लावली असशील. आम्ही भर उन्हात, भरजरी साड्या नेसून, शंभर गाड्यांमधून फिरलो. वाजंत्रीवाले जेवायला बसले होते, त्यांनीही हुडकली. गाडी गेली होती.

पोलीस चौकीत आधी म्हणाले, मावशी दोन दिवस बघा, कोणी पोरानं फिरवायला नेली असेल. सुभेदार सोबत होते म्हणून फिर्याद त्याच दिवशी नोंदली गेली. ते हवालदाराशी इतकं ताठ उभं राहून बोलले की तोही उठून उभा राहिला. विमा कंपनीला फोनही तिथूनच केला, त्यांनी दावा क्रमांक दिला. आरटीओला पत्र गेलं. मूळ कागद आणि दोन्ही किल्ल्या कंपनीकडे जमा केल्या. ज्या एजंटाकडून विमा घेतला होता तो म्हणाला, मावशी निर्धास्त राहा, पूर्ण विमा आहे, पॉलिसीवर गाडीची जी किंमत लिहिलीय, तिला आयडीव्ही म्हणतात, ती मिळणार. सक्तीची थोडी वजावट असते, ती सोडून सगळी.

मी हिशेब केला. ती रक्कम आणि माझी भिशी, दोन्ही मिळून नवी गाडी बसत होती. कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

पुण्याहून मुलाचा फोन आला, तो वेगळंच बोलला. आई, बरंच झालं म्हणायचं, तुझं वय काय, त्या हायवेला ट्रक किती. पैसे येतील ते बँकेत ठेव. एक रिक्षावाला महिन्यावर लावून देतो, फोन केला की दारात. मी म्हटलं, मी परत गाडी घेणार. तो म्हणाला, पैसे कमी पडले तर माझ्याकडे मागशीलच ना, तेव्हा बोलू. हे तो हसून बोलला, पण मला कळलं. पैसे कमी पडले की गाडी गेली. गाडी गेली की मी परत विचारत बसणार.

काही दिवसांनी कंपनीकडून चौकशीला एक मुलगा आला. चेहरा असा की अजून आईनं डबा बांधून दिला असेल. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. मी पोहे केले, त्यानं नको नको म्हणत दोनदा घेतले. मग लिहायला बसला. गाडी कुठे लावली, किती वाजता, हँडल लॉक केलं का, सगळं विचारलं, सगळं खरं सांगितलं. मग म्हणाला, "आणि किल्ली कुठे होती?"

आता सांगते. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये होती. आमच्या वयाच्या बायका तिथेच ठेवतात. पैशाची पुरचुंडी तिथे, कपाटाची किल्ली तिथे, पोस्टाच्या पुस्तकाची घडीसुद्धा मी तिथे नेलेली आहे. पर्स हा प्रकार मला कधी जमला नाही. लग्नात तर नाहीच, ताट धरायचं की पर्स. पण समोर माझ्या मुलापेक्षा लहान पोरगा, पेन उघडून बसलेला, आणि मी ते त्याला सांगू? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पर्समध्ये."

त्यानं लिहिलं, पर्समध्ये. मी सही केली. माझं मराठी सातवीपर्यंतचं, पण सही मी झोकदार करते.

तिथून तो शेजारी गेला. साक्षीदार म्हणून शेजारणीचाही जबाब हवा होता, ती बरोबर होती ना. मला कळलं असतं तर मी भिंतीवर थाप मारली असती. शेजारीण सरळ बाई. मूळची खर्ड्याकडची, तिकडचं बोलणं अजून तोंडात आहे आणि आडपडदा माहीत नाही. त्यानं विचारलं, तुमच्या मैत्रिणीची पर्स तुम्ही पाहिली का. ती म्हणाली, "तिच्याकडं पर्स न्हाईच. लग्नाला कोन पर्स नेतंय? जेवायचं कसं मग?" तिला वाटलं, आपण माझी वाखाणणी करतोय. तिनंही सही केली, म्हणजे अंगठ्याच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं, तीन ओळींत.

त्यानंतर बराच काळ काही नाही. पोलिसांचा तपास, मग गाडी सापडली नाही असा त्यांचा अहवाल, मग कोर्टानं तो मान्य करायचा, त्याला ते अ समरी म्हणतात. तो कागद मिळेपर्यंत मी रिक्षानं फिरले. रिक्षावाला चांगला होता, पण त्याला प्रत्येक ठिकाणी का चाललात ते जाणून घ्यायचं असे. मी चिचोंडीला का जाते, बहीण सख्खी का, तिचा मुलगा काय करतो. एकदा भजनी मंडळाला निघाले तर म्हणाला, मावशी या आठवड्यात तिसऱ्यांदा देव, काही अडचण आहे का घरात.

अ समरीचा कागद कंपनीला गेला आणि त्यांचं पत्र आलं. पत्रात आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्के. त्यातून वजावट परत वेगळी. शब्द होता नॉन-स्टँडर्ड तडजोड, म्हणजे दावा नियमात पुरता बसत नाही असं धरून कमी पैशात मिटवायचा. कारण असं, की किल्ली कोणाकडे होती याबद्दल विमाधारक आणि साक्षीदार यांच्या जबाबात विसंगती आहे, त्यामुळे किल्ली गाडीलाच राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, जमा केलेल्या किल्ल्यांपैकी एक नंतर बनवलेली असू शकते, आणि गाडीची वाजवी काळजी घेतलेली दिसत नाही. सोबत एक छापील पावती, खाली सहीची जागा. पूर्ण आणि अंतिम समाधान म्हणून ही रक्कम स्वीकारते, असं त्यावर लिहिलेलं.

मी पत्र दोनदा वाचलं. पैसे कमी, ते एक. पण मी, एकोणसाठाव्या वर्षी पडून पडून गाडी शिकलेली बाई, मी गाडीला किल्ली लावून जेवायला गेले? आणि वर खोटी किल्ली बनवली? मी किल्ली बनवणाऱ्याचं दुकान कुठे आहे तेही सांगू शकत नाही.

एजंटाला फोन केला. तो म्हणाला, मावशी, सही करून टाका, हातात येतंय ते घ्या, भांडायला गेलात तर वर्ष जाईल. मी पावती घेऊन भिंतीपलीकडे गेले. सुभेदार व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं, आणि घरात हाक मारली, "अगं ए, तू काय जबाब दिलास त्या पोराला?"

शेजारीण हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी खरं बोलले. तू कशाला खोटं बोललीस?"

"मग काय सांगू त्या पोराला?"

"झंपरात हुती म्हनायचं. त्यात काय. त्याची आय कुठं ठिवती?"

सुभेदार पेपरमागे गेले. त्यांचं डोकं दिसत नव्हतं, नुसती बातमी दिसत होती.

पण एक मात्र त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पावतीवर सही करायची नाही. एकदा पूर्ण आणि अंतिम म्हणून सही झाली की बोलायचं काही उरत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहायचं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, आणि ईमेलनंही. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपाल बसतात त्यांच्याकडे, तिथे वकील लागत नाही की फी लागत नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं, कारण त्यांनी आयुष्यात इतक्या ठिकाणी तक्रारी केल्या आहेत की पोस्टातला माणूस त्यांना बघूनच पावतीपुस्तक उघडतो. शिवाय बायकोमुळे माझी केस बिघडली म्हणून ते स्वतःवरच जबाबदारी घेऊन बसले होते. मी कितीदा म्हटलं, तिची चूक नाही, माझी आहे. ते म्हणाले, युनिटची चूक ती आपली चूक.

पहिला मसुदा मी लिहिला. मनापासून लिहिला. हे कसे गेले, स्कूटर कशी शिकले, झाड कुठलं, सगळं. पाच पानं झाली. सुभेदारांनी वाचली, दोन ठिकाणी डोळे पुसले, आणि म्हणाले, हे फार चांगलं आहे, हे ठेवून द्या. मग त्यांनी लिहायला घेतलं. एक पान, मुद्दे क्रमांकासह.

पहिला मुद्दा पॉलिसीचा, त्यात गाडीची किंमत ठरलेली आहे, ती तुम्हीच ठरवून त्यावर हप्ता घेतलात. दुसरा मुद्दा किल्ल्यांचा. यावर आम्ही दोघे खूश झालो. गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या, त्या दोन्ही तुमच्याकडे जमा आहेत. किल्ली गाडीला राहिली असती तर ती चोराबरोबर गेली असती, तुमच्या टेबलावर कशी? एक नंतर बनवलेली वाटत असेल तर गाडीच्या शोरूमकडून तपासून घ्या. तिसरा मुद्दा आला आणि सुभेदारांचं पेन थांबलं. विसंगती. ती मिटवल्याशिवाय बाकी दोन मुद्दे अर्धे राहत होते. त्यांनी लिहिलं, "सदर किल्ली माझ्या वैयक्तिक ताब्यात होती."

मी म्हटलं, पर्सही वैयक्तिकच असते. विसंगती तशीच राहिली.

त्यांनी खोडलं. "सदर किल्ली माझ्या अंगावर सुरक्षित ठिकाणी होती."

मी म्हटलं, परत विचारतील, कुठल्या.

ते म्हणाले, विचारू देत. मी म्हटलं, परत तोच पोरगा येईल, परत पोहे करावे लागतील. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन लिहिलं, "सदर किल्ली मी वस्त्रांतर्गत बाळगली होती." हे मला फार आवडलं, देवळातल्या पाटीसारखं वाटलं. पण मी म्हटलं, हे वाचून त्यांना वाटेल मी काहीतरी चोरून नेत होते.

आत शेजारीण भाकरी थापत होती. थापणं थांबलं. ती दारात आली आणि म्हणाली, "तुमी दोघं सकाळपासून बसलाय. ल्ह्या, ब्लाउजमध्ये होती. लाज वाटली म्हनून पर्स बोलले. माफी करा. संपलं."

सुभेदार म्हणाले, असं लिहीत नाहीत अधिकृत पत्रात. ती म्हणाली, अधिकृत पत्रात खोटं लिहितात का मग. सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. मला मात्र बरं वाटलं, कारण ते वाक्य आता आमच्या दोघांत अडकलेलं नव्हतं, भाकरीच्या पिठासकट बाहेर आलं होतं. मी पेन माझ्याकडे घेतलं आणि तिसरा मुद्दा स्वतः लिहिला. तो मला अजून पाठ आहे.

"माझ्या जबाबात किल्ली पर्समध्ये होती असे लिहिले आहे, ते चूक आहे. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये होती. मी तिथेच ठेवते. आपले चौकशी अधिकारी वयाने लहान असल्यामुळे मला सांगण्यास संकोच वाटला. माझ्या शेजारणीने माझ्याकडे पर्स नव्हती असे सांगितले, ते खरे आहे. त्यामुळे आमच्या दोघींच्या बोलण्यात आता विसंगती उरत नाही. माझा सुधारित जबाब घ्यावा."

सुभेदारांनी वाचलं. "वयाने लहान" हे कापूया का, म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, खरं आहे ते. चौथा मुद्दा त्यांचाच, लोकपालाचा, त्यात त्यांनी इतका जोर लावला की पेनाचं टोक कागदातून खाली गेलं.

पत्र गेलं. आठवडा गेला आणि पुण्याहून एका बाईंचा फोन आला, कंपनीच्या तक्रार विभागातून. आवाज कामाचा, सरळ. पत्र मिळालं म्हणाल्या, सुधारित जबाबासाठी माणूस पाठवते म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तिसरा मुद्दा मी आमच्या मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचला." मी विचारलं, मग? "मग साहेब लोक सगळे फायलीत बघायला लागले," त्या म्हणाल्या.

तोच पोरगा आला. त्यानं पत्र वाचलेलं होतं, हे दारातूनच कळलं. कानापर्यंत लाल. मी पोहे केले, या वेळी त्यानं एकदाच घेतले. जबाब लिहायला बसला, तर त्याच्या वरिष्ठांनी अजून एक काम दिलं होतं. अशी सवय विमाधारकाला आहे याबद्दल शेजारच्या दोन-तीन महिलांकडून खात्री करून घ्यावी. ते त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं.

शेजारीण तयारच होती. तिनं गल्लीत हाक दिली आणि भजनी मंडळातल्या चार बायका आल्या. त्यानं प्रश्न पुरता विचारायच्या आधी प्रत्येकीनं आपापल्या ठिकाणाहून काढून समोर ठेवलं. एकीची घराची किल्ली. एकीची नोटांची पुरचुंडी, तिच्याबरोबर आधार कार्ड. शेजारणीकडून निघाली तिजोरीची किल्ली, गोळ्यांचं पाकीट, आणि एक विड्याचं पान, ते तिथे कसं आलं तिलाही सांगता आलं नाही. शेवटच्या बाईंचा मोबाईल निघाला आणि तो निघताच वाजला. त्यांच्या सुनेचा फोन होता. त्या म्हणाल्या, थांब गं, मी जबाब देतीय.

तो पोरगा मान खाली घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवायचं असतं, ते त्यानं इतकं भरभर वाचलं की अर्धं कोणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी सह्या केल्या. निघताना मला म्हणाला, "मावशी, तुम्ही मला आधीच सांगायचं ना. माझ्या आईची किल्लीसुद्धा..." आणि फाइल उचलून गेला.

शोरूमनं किल्ल्या मूळच्याच आहेत असं लिहून दिलं, हे मला नंतर कळलं. महिना पुरा व्हायच्या आत कंपनीचं दुसरं पत्र आलं. पूर्ण आयडीव्ही, फक्त सक्तीची वजावट कापून. नॉन-स्टँडर्ड हा शब्द कुठे नव्हता. सुभेदार थोडे नाराज झाले. लोकपालांना द्यायची फाइल त्यांनी तयार ठेवली होती, कव्हर घालून, पानांना नंबर टाकून. मी म्हटलं, राहू दे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ते म्हणाले, हो, तुमची पुढची गाडी आहेच की.

या वेळी पावतीवर सही केली. पैसे खात्यात आले, भिशी उचलली, आणि शेजारणीला घेऊन शोरूमला गेले. मुलाला सांगितलं गाडी दारात आल्यावर.  तो म्हणाला, किती कमी पडले. मी म्हटलं, काही नाही.

रविवारी तो आला. मला वाटलं भांडायला आला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितले, आरसे हलवले, हेल्मेट कुठलं घेतलं विचारलं. बोलायला शब्द जुळवत होता. मी म्हटलं, बाजारात चाललेय, बस मागे. तो म्हणाला, मी चालवतो. मी म्हटलं, माझी गाडी आहे, मी चालवते, तू बस.

बसला. इतका उंच मुलगा, गुडघे बाहेर काढून, मागची पट्टी दोन्ही हातांनी धरून. छावणीच्या रस्त्यानं निघालो. ट्रक आला तेव्हा त्यानं श्वास धरला, मला पाठीला कळलं. मी बाजूला घेतली, ट्रक गेला, त्यानं श्वास सोडला. पुढे गतिरोधकावर हळू केली, तर म्हणाला, बरी चालवतेस.  बाजाराच्या चौकाजवळ आलो तसा तो पुढे वाकला आणि कानाजवळ म्हणाला, "आई, अलीकडच्या गल्लीतून वळव ना. चौकात माझे शाळेतले मित्र उभे असतात."

मी सरळ चौकातून नेली.